स्टोरीबोर्डवरील तीन नोंदींची पार्श्वभूमी

स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रीकरणाआधी प्रसंग चौकटीचौकटीने रेखाटलेली चित्रमालिका. आजच्या स्टोरीबोर्डच्या कागदावर प्रत्येक चौकटीखाली साधारणपणे तीन नोंदी असतात: शॉटचा आकार, कॅमेऱ्याचा कोन आणि शॉटची लांबी सेकंदांत. या नोंदी आज एकत्र दिसत असल्या, तरी त्या एकाच ठिकाणी जन्मल्या नाहीत. चित्रांचा क्रम आणि वेळेचा हिशेब प्रामुख्याने व्यंगपटांतून आला, तर आकार आणि कोन यांची काटेकोर आखणी मोठ्या कथापटांच्या कलाविभागात पक्की झाली.

वेळेची नोंद शक्य होण्यासाठी आधी फिल्मचा वेग स्थिर व्हावा लागला. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई आणि चित्रगृहातला वेगही कमीजास्त होई. त्यामुळे कागदावर ‘चार सेकंद’ असे लिहिण्याला फारसा भरवसा नव्हता. 1920च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि ध्वनी बिघडू नये म्हणून सेकंदाला 24 फ्रेम हे प्रमाण रुळले. 1928मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत ध्वनीसह व्यंगपट तयार होत असताना विल्फ्रेड जॅक्सन यांनी मेट्रोनोमच्या ठोक्यांवरून संगीत आणि हालचाल यांचा मेळ घालण्याची युक्ती काढली. सेकंदाला दोन ठोके असतील, तर एका ठोक्याला 12 फ्रेम मिळतात, एवढे साधे हे गणित होते. पण त्यामुळे चित्र काढण्याआधीच त्याचा काळ ठरवता येऊ लागला.

त्याच स्टुडिओत 1930च्या दशकाच्या सुरुवातीला कथाविभागातील वेब स्मिथ यांनी प्रसंगांची चित्रे सुट्या कागदांवर काढून फळ्यावर टाचण्यांनी लावायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. वहीतल्या चित्रांचा क्रम बदलणे अवघड असते. फळ्यावर मात्र एक कागद काढून दुसरीकडे लावला की प्रसंगाची रचनाच बदलते. पुढे हीच चित्रे ध्वनिपट्टीच्या वेळेनुसार फिल्मवर उतरवून पाहिली जाऊ लागली. ‘लायका रील’ नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आजच्या ॲनिमॅटिकचा, म्हणजे आवाजासह वेळेत बसवलेल्या स्टोरीबोर्डच्या चित्रफितीचा, पूर्वज होय.

आकार आणि कोन यांच्या बाबतीत ‘गॉन विथ द विंड’ या हॉलिवूडच्या चित्रपटाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी 1937मध्येच असा आग्रह धरला होता की, संपूर्ण पटकथा रेखाचित्रांच्या रूपात उतरावी आणि त्यांत कॅमेऱ्याची जागा व प्रकाशयोजनाही दिसावी. हे काम विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांच्याकडे आले. अटलांटा शहराच्या आगीचे चित्रीकरण 10 डिसेंबर 1938च्या रात्री झाले. त्यासाठी स्टुडिओच्या आवारातले जुने सेट पेटवून दिले गेले. सेट एकदाच जळणार होते, त्यामुळे रंगीत चित्रणाचे टेक्निकलरचे सात कॅमेरे कोठे ठेवायचे हे आधीच ठरलेले असणे भाग होते. शिवाय नायिकेची निवड तोवर जाहीर झालेली नसल्याने घोडागाडीत बदली कलाकार होते. त्यांचे चेहरे ओळखू येऊ नयेत, यासाठी ज्वाळांच्या पार्श्वभूमीवर दुरून दिसणाऱ्या काळ्या आकृती हाच मार्ग होता. येथे लाँग शॉटची निवड सौंदर्याइतकीच निकडीतूनही झाली होती. चित्रातली चौकट केवळ सुंदर न राहता कामाचा आदेश कशी होते, हे यावरून कळते.

भारतात सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी (1955) रूढ पटकथेऐवजी शाईच्या चित्रांची वही तयार केली होती. ते कलकत्त्याच्या जाहिरात संस्थेत चित्रकार होते, त्यामुळे शब्दांआधी चौकट पाहण्याची सवय त्यांच्या हाताला होतीच.

या साऱ्याचा आजचा वापर एका छोट्या प्रसंगावरून पाहता येईल. पटकथेत लिहिले आहे: ‘सुमन दार उघडते. उंबऱ्यावर पत्र पडले आहे. ती ते वाचते आणि खाली बसते.’ पहिली चौकट डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेला लाँग शॉट, 3 सेकंद. दुसरी वरून घेतलेला पत्राचा क्लोजअप, 2 सेकंद. तिसरी सुमनच्या चेहऱ्याचा क्लोजअप, 5 सेकंद. चौथी, ती बसताना, किंचित खालून घेतलेला मिड शॉट, 4 सेकंद. एकूण 14 सेकंद, म्हणजे 336 फ्रेम होतात. आता पत्राचा मजकूर निवेदनातून ऐकवायचा असेल, तर तो घड्याळ लावून मोठ्याने वाचावा. मनातल्या मनात वाचताना वेळ हमखास कमी भरतो आणि बहुतेक चुका तेथेच होतात. वाचन 9 सेकंदांचे निघाले, तर तिसऱ्या चौकटीचे 5 सेकंद अपुरे पडतात. अशा वेळी क्लोजअप ताणून धरण्यापेक्षा आवाज चौथ्या चौकटीत पुढे नेणे मला योग्य वाटते, कारण दोन्हींचे मिळून नेमके 9 सेकंद होतात आणि शेवटचा शब्द सुमन बसत असताना ऐकू येतो. मग तिसऱ्या चौकटीखाली ‘निवेदन पुढे चालू’ अशी नोंद करावी, म्हणजे संकलक आवाज तेथे तोडणार नाही.