जुन्या कॅसेटमधली तीन प्रकारची थरथर

वागळे इस्टेटमधल्या एका लहान मशीन शॉपवर माहितीपट करणारी एक मुलगी पावसाळ्याच्या तोंडावर नौपाड्यात माझ्या एडिटिंगच्या खोलीत आली. पिशवीत एकच व्हीएचएस कॅसेट होती, १९९४ सालच्या खंडेनवमीची. मालकांच्या पुतण्याने खांद्यावरचा कॅमेरा घेऊन चालत चालत शूटिंग केलेलं. झेंडूच्या माळा घातलेले लेथ, ड्रिलिंग मशीनला हळदकुंकू, कामगारांना पेढे वाटणारे अण्णा. कारखाना आता उरलेला नाही, त्यामुळे आतली जागा दाखवायला तिच्याकडे एवढीच चाळीस सेकंदं होती. "दादा, फक्त हलणं थांबवून द्या," ती म्हणाली. तिने घरी स्टॅबिलायझर लावून पाहिला होता, तर चित्र उलट जेलीसारखं डुचमळायला लागलं होतं.

त्या चित्रात तीन प्रकारची थरथर एकमेकींत मिसळलेली होती आणि स्टॅबिलायझरला त्यातली एकच कळते. पहिली टेपची, दुसरी चित्राच्या विणीची आणि तिसरी हाताची. याच क्रमाने त्या काढाव्या लागतात. क्रम चुकला की आधीची थरथर चित्रात कायमची मुरते.

पहिली ओळखायला मी चित्र थांबवलं आणि लेथच्या मागचा लोखंडी खांब पाहिला. त्याची कड पाण्यातून पाहिल्यासारखी नागमोडी होती आणि वरच्या टोकाला खांब झेंड्यासारखा एका बाजूला वाकला होता. हात कितीही हलला तरी एका थांबलेल्या चित्रात असा आकार येत नाही. आजच्या मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून त्यात खांब तिरका होऊ शकतो. त्या काळच्या घरगुती कॅमेऱ्यांमधला सीसीडी सेन्सर मात्र सगळ्या ओळींचा प्रकाश एकदमच पकडायचा. म्हणजे इथला खांब वाकला होता तो टेपवर.

व्हीएचएसची टेप सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते, पण हेड बसवलेला ड्रम आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. त्यामुळे हेड टेपवरून सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने घासत जातं. चित्राची प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत लिहिली जाते. तीस वर्षांत टेप किंचित ताणली गेली, किंवा व्हीसीआरने ती थोडी सैल धरली, की ओळ थोडी उशिरा सुरू होते. हा उशीर एका मायक्रोसेकंदाचा असला, तरी डिजिटल चित्रात ती ओळ साडेतेरा पिक्सेल सरकते. जुना टीव्ही हे बरंचसं सांभाळून घ्यायचा. कॅप्चर कार्ड तसं सांभाळून घेत नाही.

यावर उपाय टेप चालू असतानाच करायचा असतो. टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी, प्रत्येक ओळ येईल तशी स्मृतीत घेतो आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर सोडतो. ओळ कुठे सुरू झाली हे सांगणारी खूण सिग्नलमध्ये असते, पण साध्या कॅप्चरनंतर ती फाइलमध्ये उरत नाही. मग सॉफ्टवेअरच्या हाती अंदाजच राहतो. म्हणून मी तिची जुनी फाइल बाजूला ठेवली आणि टेप पुन्हा चालवली, या वेळी ओळी सुधारणारा टीबीसी आतच असलेल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरवर.

त्याआधी कॅसेटच्या काचेतून रिळाची कड टॉर्चने पाहिली. ठाण्याच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या कॅसेटवर पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर ती बुरशी असते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. हेड भरतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तो संसर्ग जातो. ही सुदैवाने स्वच्छ निघाली. ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे नेली, म्हणजे गुंडाळीतला ताण सारखा होतो. मग ट्रॅकिंग जुळवून कॅप्चर केलं. खांब सरळ उभा राहिला तेव्हा तिने "अरे!" म्हटलेलं मला अजून आठवतं. फाइल एफएफव्ही१ या पद्धतीत ठेवली. तिच्यात काहीच गाळलं जात नाही, तरी जागा कच्च्या चित्राच्या निम्म्याच्या आसपास लागते. कच्चं चित्र तासाला जवळपास ७५ जीबी घेतं.

आता वीण. पाल चित्र सेकंदाला २५ फ्रेम दाखवतं, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची विणलेली असते. आधी एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदाने उरलेल्या. पेढा देणारा हात तेवढ्या वेळात पुढे गेलेला असतो, म्हणून थांबवलेल्या चित्रात त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. स्टॅबिलायझरने असं चित्र एक ओळ वर सरकवलं, तर आधीच्या क्षणाच्या ओळी नंतरच्या क्षणाच्या जागी बसतात. थोडं फिरवलं तर दोन्ही क्षण एकमेकांत कालवले जातात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. तिच्या घरच्या प्रयोगात नेमकं हेच झालं होतं.

म्हणून आधी प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेम करायच्या. २५ वरच थांबलं तर निम्मी हालचाल फेकली जाते. फील्डांचा क्रम बरोबर आहे का, हे एकेक फ्रेम पुढे नेत पाहावं. क्रम उलटा असेल तर हात पुढे-मागे-पुढे असा झटके खातो. मग खाली दिलेल्या ffmpeg च्या पहिल्या कमांडमध्ये `tff` च्या जागी `bff` लिहायचं.

याच टप्प्यावर कडाही कापायच्या. व्हीएचएस चित्राच्या तळाशी, जिथे एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं, तिथे फाटक्या ओळींची पट्टी असते आणि दोन्ही बाजूंना काळ्या कडा असतात. त्या चित्राबरोबर हलत नाहीत, म्हणून स्टॅबिलायझर त्यांनाच स्थिर जमीन समजून फसतो. पिक्सेलही इथेच चौरस करून घ्यावेत, नाहीतर चित्र फिरवताना खांब तिरके होतात.

```
ffmpeg -i puja.mkv -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=696:560:12:4,scale=760:560,setsar=1" -c:v ffv1 -c:a copy puja50.mkv
ffmpeg -i puja50.mkv -vf vidstabdetect=shakiness=6:result=puja.trf -f null -
ffmpeg -i puja50.mkv -vf vidstabtransform=input=puja.trf:smoothing=25:optzoom=0:zoom=5 -c:v ffv1 -c:a copy puja_sthir.mkv
```

पहिली कमांड वीण सोडवून कडा कापते, दुसरी हाताची हालचाल मोजते, तिसरी ती सौम्य करते. `smoothing=25` म्हणजे मागच्या-पुढच्या २५ फ्रेम, मिळून साधारण एका सेकंदाची सरासरी. मी आधी १०० ठेवून पाहिलं. चित्र शांत झालं, पण एक वेगळाच दोष उघडा पडला. पुतण्याच्या प्रत्येक पावलाला चित्र क्षणभर पुसट झालेलं होतं. मूळ चित्रात धक्का दिसतो, म्हणून ते पुसटपण खटकत नाही. धक्का काढून टाकला की स्थिर चित्र उगाचच धाप लागल्यासारखं मधूनमधून धूसर होतं. हे पुसटपण परत येत नाही. शिवाय धक्का जितका जास्त लपवाल तितक्या कडा जास्त कापाव्या लागतात, आणि ५६० ओळींत कापायला फारसं काही नसतं. माझ्या मते चालणाऱ्या माणसाचं चालणं थोडं दिसू द्यावं.

शेवटच्या नऊ सेकंदांत वेगळी अडचण आली. तिथे पुतण्याने तारखेचं बटण दाबलं होतं आणि कोपऱ्यात पांढरे आकडे उमटले होते. ते कॅमेऱ्याने चित्रावर छापलेले असल्यामुळे मूळ फाइलमध्ये स्थिर होते. चित्र स्थिर केलं तसे आकडेच कोपऱ्यात नाचायला लागले. कापून टाकले असते तर त्यांच्यासोबत अण्णांचा पेढ्यांचा पुडाही फ्रेमबाहेर गेला असता, आणि तारीख हा तर तिच्या माहितीपटाचा पुरावाच होता. आम्ही तो शॉट दोन तुकड्यांत केला. पहिली एकतीस सेकंदं स्थिर केलेली, आणि तारीख उमटते तिथून पुढे `puja50.mkv` मधलं, फक्त टेपची आणि विणीची थरथर काढलेलं चित्र. जोड दिसू नये म्हणून त्या तुकड्यालाही पाच टक्के झूम दिला, पण तो आकड्यांच्या कोपऱ्याकडून धरून, म्हणजे तारीख आणि पुडा दोन्ही फ्रेममध्ये राहिले.