बेंबीपाशी उठलेली कळ खाली उजवीकडे का सरकते?

आमच्या बेळगाव-खानापूरकडं कुणाच्या पोटात दुखलं की पहिलं निदान गॅस, दुसरं बेंबी सरकली, मग ओवा, सोडा आणि पोट चोळून देणारी गल्लीतली आजी. बेंबी कुठं सरकत नसते हो, अपेंडिक्सचं दुखणं मात्र खरंच सरकतं, आणि ते का सरकतं हे मला लई भारी वाटतं.

धरा, 16 वर्षांचं पोरगं आहे, जत्रेचं मटण खाऊन आलंय. संध्याकाळी 7 ला बेंबीभोवती दुखायला लागलं. कुठं दुखतंय विचारलं तर अख्खा तळवा पोटावर फिरवतो, बोट ठेवता येत नाही. जेवण नको म्हणतो, 11 ला एकदा उलटी. पहाटे 5 ला मात्र खाली उजवीकडं बोट ठेवून सांगतो, इथंच.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीएवढी, एका टोकाला बंद नळी. तिचं तोंड वाळलेल्या विष्ठेच्या खड्यानं किंवा आतल्या सुजेनं बंद झालं की आत द्रव साचतो आणि ती फुगते. आतड्याच्या नसांना कापलेलं फारसं कळत नाही, ताण मात्र कळतो. या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीला शिरतात, साधारण छातीच्या दहाव्या मणक्याची, तिथंच बेंबीभोवतीच्या कातडीच्या नसाही येतात. मेंदूला वाटतं बेंबीच दुखतेय. पुढं सूज नळीच्या बाहेरच्या अंगाला येते आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसा कातडीसारख्याच, जागा नेमकी सांगणाऱ्या, म्हणून दुखणं आता खऱ्या जागेवर येतं: बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या हाडापर्यंत रेघ मारा, हाडाकडून एक तृतीयांशावर. न्यूयॉर्कचे सर्जन मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये ही जागा दाखवली.

गॅसचं दुखणं असं शिस्तीत जात नाही. कळ येते, जाते, कधी डावीकडं कधी वर, आणि वारा सरला किंवा संडास झाली की बरं वाटतं. अपेंडिक्सचं दुखणं तासागणिक वाढतं, खोकलं की टोचतं, माणूस हलायला बघत नाही. गाडी खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर आदळली की कळ मस्तकात जाते, कारण धक्क्यानं तेच अस्तर हलतं, आणि आपल्या रस्त्यांवर ही टेस्ट फुकटात होते! आणखी एक, अपेंडिक्समध्ये बहुतेक वेळा आधी दुखतं, मग उलटी. उलटी-जुलाब आधी आणि दुखणं नंतर असेल तर बाहेरचं खाणं बाधलं असायची शक्यता जास्त.

पण हा सरळ प्रवास साधारण निम्म्याच पेशंटमध्ये दिसतो. अपेंडिक्स आतड्याच्या मागं असेल तर पाठीकडं दुखतं, गरोदरपणात जागा वर सरकू शकते, म्हाताऱ्यांना दुखणंच कमी जाणवतं. म्हणून प्रवास दिसला नाही तरी 5-6 तास सतत वाढणारं दुखणं सर्जनला दाखवायचंच. दुखणं अचानक थांबलं म्हणून घरी बसू नका, नळी फुटली की आतला ताण सुटतो, थोडा वेळ हलकं वाटतं, मग सगळं पोट लाकडासारखं कडक होतं. सर्जनकडं पोचेपर्यंत एरंडेल, चोळणं बंद, आणि निघताना काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. कधी, कुठं दुखायला लागलं ते वेळेसकट कागदावर लिहून न्या, सर्जन पहिलं तेच विचारतात.