काठोकाठ आकडा आणि एकउणा आकडा: बेटे-पुलांच्या कोड्यातील दोन सुरुवाती

आकड्यांची बेटे पुलांनी जोडण्याचे कोडे जपानच्या निकोली या प्रकाशनाने १९९० साली आपल्या नियतकालिकात छापले. त्याचे मूळ नाव ‘हाशिवोकाकेरो’ असून त्याचा अर्थ ‘पूल बांधा’ एवढाच होतो. नियमही थोडेच आहेत. प्रत्येक बेटावर एक आकडा असतो आणि त्या बेटाला नेमके तितकेच पूल जोडायचे असतात. पूल आडवे किंवा उभे, सरळ रेषेत जातात, दोन बेटांमध्ये जास्तीत जास्त दोन पूल चालतात, पूल एकमेकांना छेदत नाहीत की मधल्या बेटावरून पलीकडे जात नाहीत, आणि शेवटी कोणत्याही बेटावरून पुलांनी चालत कोणत्याही दुसऱ्या बेटावर पोहोचता आले पाहिजे. बेटाचा शेजारी म्हणजे त्या दिशेने सरळ पाहिल्यावर दिसणारे पहिले बेट, मग मध्ये कितीही मोकळी घरे असोत.

कोडे सोडवायला बसलेला माणूस प्रथम मोठे आकडे शोधतो आणि ते योग्यच आहे. मात्र या मोठ्या आकड्यांत दोन जाती असतात, आणि दोन्हींना सरसकट ‘सक्तीचे आकडे’ म्हटल्यामुळे त्यांची गल्लत होते. पहिल्या जातीला मी काठोकाठ आकडा म्हणतो. बेटाला जितके पूल जोडता येणे शक्य आहे, तितकेच आकडा मागत असेल, तर निवडीला वावच उरत नाही आणि त्या बेटाचे सगळे पूल तत्काळ पक्के होतात. चार शेजाऱ्यांमधला ८, कडेच्या तीन शेजाऱ्यांमधला ६ आणि कोपऱ्यातला ४ ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली रूपे आहेत. दुसरी जात एकउण्या आकड्याची. एकोणीस, एकोणतीस या शब्दांत जो ‘एक उणे’ दडलेला आहे, तोच येथे आहे. चार शेजाऱ्यांमधला ७, तीन शेजाऱ्यांमधला ५ आणि कोपऱ्यातला ३ हे आकडे कमाल क्षमतेपेक्षा फक्त एकाने कमी असतात.

एकउणा आकडा काय सांगतो हे नीट पाहिले पाहिजे. तीन शेजाऱ्यांमध्ये ५ असेल आणि एका शेजाऱ्याकडे एकही पूल गेला नाही असे मानले, तर उरलेल्या दोघांकडे मिळून फार तर चार पूल जातील, म्हणजे पाच कधीच भरणार नाहीत. म्हणून प्रत्येक शेजाऱ्याकडे निदान एक पूल जातोच. मात्र दोन शेजाऱ्यांकडे दुहेरी आणि एकाकडे एकेरी पूल जाणार, यातला एकेरी कोणाच्या वाट्याला येणार हे तो आकडा स्वतः सांगत नाही. काठोकाठ आकडा प्रत्येक पूल ठरवतो, तर एकउणा आकडा प्रत्येक दिशेचा पहिला पूल ठरवून दुसऱ्याविषयी गप्प राहतो.

येथपर्यंत फरक सोपा वाटतो, कारण आपण ८, ६, ४ एका बाजूला आणि ७, ५, ३ दुसऱ्या बाजूला असे मनात पाठ करून टाकतो. गोंधळाचे मूळ नेमके या पाठांतरात आहे. आकड्याची जात आकड्यावरून ठरत नाही, ती क्षमतेवरून ठरते, आणि क्षमता म्हणजे शेजाऱ्यांच्या संख्येची दुप्पट असे दर वेळी नसते. शेजारी बेटावर १ असेल, तर त्या दिशेने एकच पूल मावतो. तेव्हा मोजायचे ते शेजारी नव्हेत, तर प्रत्येक दिशेला मावणारे पूल. पुढील लहान कोडे मी मुद्दाम अशा बेताने मांडले आहे की त्याच्या मधल्या ओळीतले तिन्ही आकडे सारखेच आहेत.

```
३   १   २

५   ५   ५

४   ४   १
```

डावा ५ आणि उजवा ५ कडेच्या मधोमध आहेत आणि दोघांनाही तीनच शेजारी आहेत, त्यामुळे वरवर पाहता ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटतात. डाव्या ५ चे शेजारी म्हणजे वर ३, उजवीकडे मधला ५ आणि खाली ४. या तिघांकडेही दोन दोन पूल मावतात, म्हणून क्षमता सहा झाली आणि ५ हा एकउणा ठरला. उजव्या ५ च्या वर २ आहे, डावीकडे मधला ५ आहे, पण खाली १ आहे. तेथे क्षमता दोन अधिक दोन अधिक एक, म्हणजे पाचच भरते, आणि म्हणून हा ५ काठोकाठ आहे. वर दुहेरी, डावीकडे दुहेरी आणि खाली एकेरी असे त्याचे पाचही पूल कोडे हातात घेतल्या क्षणी रेखता येतात. मधल्या ५ ची गोष्ट तिसरीच आहे. त्याला चार शेजारी असून वरचा १ आहे, म्हणजे क्षमता सात होते. पाचाला दोन कमी पडत असल्याने कोणतीही एक दिशा पूर्ण कोरडी राहिली तरी चालू शकते, त्यामुळे तूर्त त्याच्याकडून काहीच निष्पन्न होत नाही.

आता सुरुवात करू. खालच्या डाव्या कोपऱ्यातला ४ उघडच काठोकाठ आहे, तेव्हा त्याच्या वर आणि उजवीकडे दुहेरी पूल येतात. वरच्या डाव्या कोपऱ्यातला ३ हा पाठांतराप्रमाणे एकउणा वाटेल, पण त्याच्या उजवीकडे १ असल्यामुळे तेथे मिळून तीनच पूल मावतात, म्हणून तोही काठोकाठच आहे. त्याचा उजवीकडे एकेरी आणि खाली दुहेरी पूल पक्का झाला. या दोन कोपऱ्यांनी डाव्या ५ ला वरून दोन आणि खालून दोन पूल दिले, म्हणून त्याचा एकेरी पूल मधल्या ५ कडेच जाणार हे आपोआप ठरले. एकउण्या आकड्याची उकल बहुधा अशीच होते. त्याचा उणा पूल कुठे आहे हे शेजारी सांगतात, आणि ते सांगेपर्यंत थांबणे भाग असते.

मधल्या ५ कडे परत येऊ. वरच्या १ चा एकमेव पूल आता खर्ची पडला आहे, म्हणून वरची दिशा बंद झाली आणि क्षमता सातावरून सहावर आली, म्हणजे काही न सांगणारा हा आकडा एकउणा झाला. डावीकडे एकच पूल ठरल्यामुळे क्षमता आणखी एकाने घटून पाच झाली आणि तोच आकडा काठोकाठ बनला. उजवीकडचा दुहेरी पूल उजव्या ५ ने आधीच दिलेला आहे, तेव्हा खालच्या ४ कडे दुहेरी पूल गेला पाहिजे. त्या ४ ला डावीकडून दोन आणि वरून दोन असे चार पूल मिळाले. वरचा २ आणि खालच्या कोपऱ्यातला १ यांना उजव्या ५ ने केव्हाच पूर्ण केले आहे. एकूण पंधरा पूल होतात, सर्व आकड्यांची बेरीज तीस येते, आणि प्रत्येक पूल दोन बेटांत मोजला जातो हे लक्षात घेता हिशेब जुळतो.

या कोड्यातली खरी मेख मात्र खालच्या ओळीतल्या मधल्या ४ मध्ये आहे. त्याचे शेजारी डावीकडे ४, वर ५ आणि उजवीकडे १, म्हणून क्षमता पाच आणि आकडा एकउणा. ‘एकउणा म्हणजे प्रत्येक शेजाऱ्याकडे निदान एक पूल’ हा नियम घोकलेला माणूस उजवीकडच्या १ कडेही रेघ ओढून मोकळा होतो, आणि ती रेघ चूक आहे. ज्या दिशेला दोन पूल मावतात तेथे एक उणा झाला तरी एक उरतो, पण ज्या दिशेला एकच मावतो तेथे एक उणा झाला की शून्य उरते. म्हणून नियम असा हवा की आकडा क्षमतेपेक्षा जितका कमी, तितके प्रत्येक दिशेच्या कमाल पुलांतून वजा करावे, आणि उरेल तितके पूल त्या दिशेला नक्की समजावेत. या ४ च्या बाबतीत डावीकडे एक, वर एक आणि उजवीकडे शून्य एवढेच निश्चित होते. पूर्ण उकलीतही उजवीकडे शून्यच आले.

दोन्ही जातींची गल्लत दोन्ही बाजूंनी होऊ शकते, पण नुकसान सारखे नसते. उजव्या ५ ला कोणी एकउणा समजून तिन्हीकडे एकेकच पूल काढला, तर काढलेले काही चुकत नाही, फक्त हातची माहिती वाया जाते आणि कोडे विनाकारण अडते. उलट डाव्या ५ चा एकेरी पूल वरच्या बाजूला असेल असे ठरवून बाकी दुहेरी काढले, तर वरच्या ३ ला एकच पूल मिळतो आणि उरलेले दोन त्याने १ कडे न्यावेत अशी अशक्य वेळ येते. येथे चूक शेजारीच उघडी पडली. मोठ्या कोड्यात ती बरीच दूर, एखाद्या बेटाला जितके पूल हवेत तितके मावत नाहीत तेव्हा कळते, आणि तोवर तिच्यावर डझनभर पूल उभे राहिलेले असतात. शाईच्या पेनाने कोडी सोडवण्याच्या हट्टापायी मी असे बरेच कागद वाया घालवले आहेत. एकउण्या आकड्याचा पहिला पूल काढताना रेघ थोडी एका बाजूला ओढावी आणि दुसरीसाठी जागा ठेवावी. ज्या बेटाचे पूल पूर्ण झाले त्यावर मात्र लगेच काट मारावी, कारण ते बेट यापुढे कोणाचाच उपयोगी शेजारी राहत नाही.

क्षमता घटवणारी आणखी दोन कारणे आहेत. पहिले अखंडतेच्या नियमातून येते. दोन २ एकमेकांना दुहेरी पुलाने जोडले, तर ती जोडी इतर बेटांपासून कायमची तुटते, म्हणून दुसरी बेटे असताना त्यांच्यामध्ये एकच पूल मावतो. कोपऱ्यातल्या २ चे दोन्ही शेजारी २ च असतील, तर त्याची क्षमता चार नसून दोन असते, आणि इतका लहान आकडाही काठोकाठ ठरतो.

दुसरे कारण आडव्या येणाऱ्या पुलाचे, आणि तेथे एकउण्या आकड्याचे मोल विशेष जाणवते. त्याने दिलेला पहिला पूल पुढे एकेरी राहो की दुहेरी होवो, वाट अडवायला तो पुरेसा असतो. वरच्या कडेला तीन शेजारी असलेला एक ४ आहे असे समजा. क्षमता सहा असल्याने तो काहीच सांगत नाही. खाली कुठेतरी एखाद्या ७ ने आपला निश्चित एक पूल आडवा टाकला आणि तो नेमका या ४ च्या आणि त्याच्या खालच्या शेजाऱ्याच्या मधून गेला, तर ४ ची खालची दिशा बंद होते, क्षमता चारवर येते, आणि एकउण्याची पायरी न चढताच तो एकदम काठोकाठ होऊन डावीकडे व उजवीकडे दुहेरी पूल देतो.