चढल्याची नोंद कुठे राहते? मेट्रोच्या गेटवरील भाडेआकारणीची पार्श्वभूमी

हिंगणघाटकडून एसटीने निघालेल्या प्रवाशाला वाहक आधीच कुठे उतरणार हे विचारतो, सहा-सहा किलोमीटरचे टप्पे मोजतो आणि तिकीट फाडतो. तोच प्रवासी खापरीला नागपूर मेट्रोत शिरताना कार्ड टेकवतो, तेव्हा त्याला कुठे जायचे हे कोणीच विचारत नाही. त्यामुळे तो कुठून चढला याची नोंद उतरेपर्यंत कुठेतरी जपावी लागते.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट रेल्वेने 1972 मध्ये ही नोंद कागदी तिकिटावरील चुंबकीय पट्टीवर ठेवली. तिकीट गेटच्या यंत्रातून सरकवावे लागे. हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डाने 1997 मध्ये तीच नोंद चिपमध्ये नेली, आणि कार्ड नुसते समोर धरणे पुरेसे झाले. दिल्ली मेट्रोने 2002 मध्ये आरंभापासूनच स्पर्शविरहित कार्ड व टोकन वापरले.

समजा, कार्डात 120 रुपये आहेत. कार्डात बॅटरी नसते. गेटच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते. खापरीचे गेट कार्ड खरे आहे का आणि किमान शिल्लक आहे का ते तपासते, स्थानकाचा संकेतांक व वेळ चिपवर लिहिते आणि पैसे न कापता आत सोडते. सीताबर्डीचे गेट ती नोंद वाचते, स्वतःजवळच्या भाडेतक्त्यात पाहते, भाडे समजा 25 रुपये असेल तर 95 रुपये शिल्लक लिहिते आणि प्रवेशाची खूण मिटवते. हे सारे क्षणार्धात आटोपते, आणि त्यासाठी मध्यवर्ती संगणकाला विचारावे लागत नाही. कार्ड घाईने ओढले तर लेखन अर्धवट राहू शकते, म्हणून गेट उघडेपर्यंत ते धरून ठेवावे. दुसऱ्याच्या मागोमाग, कार्ड न टेकवता बाहेर पडल्यास प्रवेशाची खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी गेट अडवते. मग ती खिडकीवर दुरुस्त करून घ्यावी लागते.

लंडनने 2014 मध्ये भुयारी रेल्वेत बँकेची कार्डे स्वीकारली, तेव्हा पद्धतच बदलली. बँकेच्या कार्डावर गेटला नोंद लिहिता येत नाही, म्हणून दोन्ही वेळच्या नोंदी मध्यवर्ती संगणकाकडे जातात, तेथे त्यांच्या जोड्या लावल्या जातात आणि दिवसभराचे भाडे एकत्र आकारले जाते. फोनमधील कार्डाला मूळ कार्डापेक्षा वेगळा क्रमांक असतो. त्यामुळे फोनने शिरून कार्डाने बाहेर पडल्यास एकाच प्रवासाचे दोन अर्धवट प्रवास होतात आणि भाडे जास्त लागते.

भारताने मार्च 2019 मध्ये आणलेल्या राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्डात मला या दोन्हींचा समंजस मेळ दिसतो. कार्ड बँकेचेच असते, पण चिपवर प्रवासाची नोंद व रोख शिल्लक यांसाठी स्वतंत्र जागा राखलेली असते, त्यामुळे गेट नेटवर्कविनाही भाडे कापू शकते. मात्र बँक खात्यातील पैसे म्हणजे ही शिल्लक नव्हे. गावाहून मोबाइलवर रिचार्ज केला तरी स्थानकावरील यंत्राला कार्ड टेकवून ती रक्कम चिपवर उतरवून घ्यावी लागते. तोवर गेटला जुनीच शिल्लक दिसते.