डीप इन द मनी निफ्टी ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत ठेवला तर: सेटलमेंट कशी होते, एसटीटी किती कापला जातो

मंगळवारी, म्हणजे निफ्टीच्या एक्स्पायरीच्या दिवशी, संध्याकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो: "एक्सरसाइज झाला नसता तर कर वाचला असता. तो थांबवायचा अर्ज कुठं मिळतो?" असा अर्जच नाही. निफ्टीचा ऑप्शन एक्स्पायरीच्या दिवशी इन द मनी बंद झाला, की एक्स्चेंज तो आपोआप एक्सरसाइज करतं. शेअर द्यायचे-घ्यायचे नसतात, स्ट्राइक, म्हणजे ऑप्शनचा ठरलेला भाव, आणि बंद भाव यांतल्या फरकाचे पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात.

खातं उघडण्याचं थोडक्यात सांगतो. एफ अँड ओ सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा लागतो: रिटर्नची पोचपावती, फॉर्म 16, पगाराची स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा डीमॅटमधल्या शेअर्सचं स्टेटमेंट. यातलं बहुतेक वेळा एकच पुरतं. स्टेटमेंट देताना मधलं एकही पान गाळू नका. अर्ज परत येण्याचं आम्ही पाहिलेलं नेहमीचं कारण तेच.

खरी ठेच लागते ती एक्स्पायरीच्या शेवटच्या दहा मिनिटांत.

शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी, आम्ही त्यांना काका म्हणतो. आकडे सोपे करून सांगतो. निफ्टी 25,000 वर होता आणि 24,000 चा कॉल 998 ला मिळत होता. निफ्टी आणि स्ट्राइक यांच्यातल्या फरकानं त्याची किंमत तर सरळ 1,000 दिसत होती. "भावा, दोन पॉइंट फुकट मिळायलेत की," म्हणत त्यांनी 65 चा एक लॉट घेतला. हिशोब 130 रुपये नफ्याचा.

आता वजाबाकी बघा. एक्सरसाइज झालेल्या ऑप्शनवर 0.15 टक्के एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा सरकारी कर, ऑप्शन घेणाऱ्याकडून कापला जातो, आणि तो 998 च्या प्रीमियमवर किंवा 130 च्या नफ्यावर नाही, तर बंद भाव आणि स्ट्राइक यांच्यातल्या पूर्ण फरकावर. 1,000 गुणिले 65 म्हणजे 65,000 रुपये. त्यावर साधारण 98 रुपये. शिवाय खरेदीवर एक्स्चेंजचा चार्ज सुमारे 23, ब्रोकरेज 20, या दोन्हींवर जीएसटी 8 आणि स्टॅम्प ड्यूटी 2. सगळे मिळून 151. म्हणजे निफ्टी जागचा हलला नसता, तरीही काका 21 रुपयांनी खाली होते.

ते दोन पॉइंट फुकट नव्हतेच. बाजाराला हा कर माहीत असतो, म्हणून डीप इन द मनी ऑप्शन आपल्या किमतीच्या थोडा खाली विकला जातो. ऑप्शन जितका खोल, तितकी ही सूट मोठी दिसते: फरक 1,000 चा असेल तर कर दीड पॉइंट, 3,000 चा असेल तर साडेचार.

त्या दिवशी निफ्टी जागचा हललाही. सेटलमेंट साडेतीनला स्क्रीनवर दिसलेल्या शेवटच्या आकड्यावर होत नाही, एक्स्चेंजने जाहीर केलेल्या बंद भावावर होते. निर्देशांकातल्या शेअर्सच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या भारित सरासरी भावांवरून तो काढला जात आला आहे. काकांनी साडेतीनला 25,004 पाहिलं होतं, बंद भाव 24,997 लागला. काकांना 997 मिळाले, आणि तोटा दोनशेच्या वर गेला.

आता ज्यांच्याकडे असा ऑप्शन आधीपासून आहे त्यांच्यासाठी. "एक्स्पायरीआधी विकून टाका, नाहीतर एसटीटी खाऊन टाकेल" हा सल्ला अजून फिरतो. तो 31 ऑगस्ट 2019 पर्यंत खराच होता. तेव्हा 0.125 टक्के कर सेटलमेंटच्या पूर्ण भावावर बसायचा. वरच्या उदाहरणात तो दोन हजारांवर गेला असता. 1 सप्टेंबर 2019 पासून तो फक्त फरकावर आला. 1 ऑक्टोबर 2024 पासून विक्रीवर प्रीमियमच्या 0.1 टक्के आणि एक्सरसाइजवर 0.125 असे दर होते, आणि 1 एप्रिल 2026 पासून दोन्हीकडे 0.15 टक्के झाले. त्यामुळे नुसता कर वाचवायला विकण्यात आता अर्थ उरलेला नाही. शेवटच्या वेळी खरेदीदाराचा भाव 996 असेल आणि किंमत 1,000 असेल, तर विकताना चार पॉइंट, म्हणजे 260 रुपये तिथंच जातात; वर एक्स्चेंजचा चार्ज आणि ब्रोकरेज. विकण्याचं खरं कारण एकच: उरलेल्या वेळात निफ्टी उलटा फिरण्याची धास्ती.

कागदपत्रांत एक्स्पायरीच्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लेजर दोन्ही उतरवून ठेवा. ॲपवरच्या नफ्याच्या आकड्यात एसटीटी बहुधा धरलेला नसतो, म्हणूनच लोकांना खात्यात पैसे कमी आल्यासारखे वाटतात. एफ अँड ओचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं, त्यामुळे रिटर्न आयटीआर-3 मध्ये भरायचा, आणि तिथं हा एसटीटी खर्च म्हणून वजा मागता येतो. काकांच्या सीएने गेल्या खेपेला तो मागितलाच नव्हता, कारण काकांनी त्यांच्या हातात फक्त ॲपचा स्क्रीनशॉट दिला होता.