अशोक पाखंड्यांना मान द्यायचा?

"या शब्दाचा मूळ अर्थ वेगळाच आहे, आपण सगळे तो चुकीचा वापरतो" असं कोणीतरी दर दोन दिवसांनी ठासून सांगत असतं. तसं बघायला गेलं तर 'तेल' फक्त तिळाचंच म्हणायला हवं, कारण संस्कृत 'तैल' हा 'तिल'वरूनच आलाय. पण अर्थ पसरला आणि आता खनिज तेलसुद्धा तेलच.

'मृग'चं उलटं झालं, म्हणजे अर्थ आकसला. आधी मृग म्हणजे कुठलाही रानटी प्राणी, आता फक्त हरीण. हे कळतं कसं, तर जोडशब्दांमध्ये जुना अर्थ अडकून राहतो. मृगेंद्र म्हणजे सिंह आणि शाखामृग म्हणजे माकड, आता यातलं कोणीच हरीण नाही ना!

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो 'पाखंड'. इ.स.पू. ३ऱ्या शतकात सम्राट अशोकाने १२व्या शिलालेखात कोरून ठेवलंय की राजा सगळ्या 'पासंडां'ना मान देतो, संन्याशांनाही आणि गृहस्थांनाही. इथे पासंड म्हणजे साधा पंथ, त्यात निंदा अजिबात नाही. मनुस्मृतीत मात्र (४.३०) पाषंडींचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये असं येतं. मधे काय झालं असेल? आपल्या मार्गाला माणूस 'पंथ' म्हणत नाही, तो त्याच्यासाठी सरळ धर्मच असतो, पंथ असतात ते दुसऱ्यांचे. मग "ते पाषंडी आहेत, त्यांच्या नादी लागू नको" असं वाक्य आलं की बोलणाऱ्याच्या मनात 'दुसऱ्या पंथाचे' असतं, पण पहिल्यांदाच ऐकणारं पोर 'खोटे, वाईट' असंही समजू शकतं, आणि दोन्ही अर्थ वाक्यात व्यवस्थित बसतात त्यामुळे त्याला कोणी दुरुस्तही करत नाही. शब्द फक्त टीकेतच कानावर पडत राहिला की टीकाच त्याचा अर्थ होऊन बसते. अर्थ बदलतो तो अशा दुहेरी वाक्यांमधून, कोणी ठरवून बदलत नाही, म्हणून "अमक्यांनी मुद्दाम आपले शब्द बिघडवले" असल्या कहाण्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

शब्द वर पण चढतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'साहस' म्हणजे जबरदस्तीने केलेला गुन्हा, त्याला दंड होता. पण असं काम करायला बेधडकपणा लागतोच, हळूहळू गुन्हा गळून पडला, बेधडकपणा तेवढा उरला, आणि आज साहसासाठी बक्षीस मिळतं.

आणि त्याच शिलालेखात अशोक स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका. हा पण शब्द पुढे घसरला, इतका की नंतरच्या संस्कृत व्याकरणात त्याचा अर्थ चक्क 'मूर्ख' असा नोंदवलाय.