पॅच बसला, तरी सर्व्हर जुनाच: व्हीपीएनमधल्या पळवाटांची पार्श्वभूमी

7 एप्रिल 2014 रोजी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीची 1.0.1g ही आवृत्ती आली आणि त्याच दिवशी हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली. बहुतेकांना ती वेबसाइटची त्रुटी म्हणून आठवते. पण स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर चालवणाऱ्यांना आज ज्या सवयी लावून घ्याव्या लागतात, त्यांतल्या बऱ्याचशा त्या आठवड्यात समजल्या. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

दोन संगणकांमधला संवाद गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या प्रोटोकॉलमध्ये जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी 'हार्टबीट' नावाचा छोटा संदेश असतो. पाठवणारा काही मजकूर देतो, त्याची लांबी सांगतो, आणि समोरच्याने तो मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा असतो. ओपनएसएसएल सांगितलेली लांबी तपासतच नव्हते. एका अक्षराचा मजकूर देऊन 64 केबी लांबी सांगितली, की सर्व्हर स्वतःच्या मेमरीतला पुढचा भाग जोडून पाठवून देई. हे मार्च 2012 पासून, म्हणजे दोन वर्षे चालू होते. ओपनव्हीपीएन हा व्हीपीएन प्रोग्रॅम जोडणी उभारायला हीच लायब्ररी वापरत असल्यामुळे तोही या तडाख्यात सापडला.

व्हीपीएन सर्व्हरची खरी अडचण इथे दिसते. बाहेर असलेल्या आपल्या माणसांना आत घेण्यासाठी तो इंटरनेटवर उघडा ठेवावाच लागतो. येणारा ओळखीचा आहे की नाही हे ठरवण्याआधीच त्याने पाठवलेले बाइट वाचावे लागतात, त्यांचा अर्थ लावावा लागतो. पासवर्ड कितीही मजबूत असला तरी तो या टप्प्यानंतर विचारला जातो. त्रुटी जर ओळख पटण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये असेल, तर पासवर्डचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय आत शिरलेला माणूस थेट आतल्या नेटवर्कवर पोहोचतो. हल्लेखोर जुने व्हीपीएन शोधत फिरतात ते यासाठीच.

मॅन्डियंट या कंपनीने त्याच महिन्यात एक प्रसंग प्रसिद्ध केला. त्रुटी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 8 एप्रिलला, एका संस्थेच्या एसएसएल व्हीपीएनवर हार्टबीटचा मारा सुरू झाला. हल्लेखोराने मेमरीतून चालू सत्रांची टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण म्हणून वापरल्या जाणाऱ्या सांकेतिक ओळी, काढली आणि आधीच लॉगिन केलेल्या लोकांच्या सत्रांवर ताबा मिळवला. तिथे दुहेरी पडताळणी होती, पण ती पार पडून गेलेली होती, त्यामुळे तिचा अडसर आला नाही. सुमारे त्याच वेळी मुलवाड या व्हीपीएन सेवेचे फ्रेडरिक स्ट्रॉमबर्ग यांनी ओपनव्हीपीएन सर्व्हरच्या मेमरीतून त्याची खाजगी की काढता येते हे चाचणीत सिद्ध केले. ज्यांनी ओपनव्हीपीएनची `tls-auth` ही सोय चालू ठेवली होती त्यांना थोडा आडोसा होता, कारण ती सामायिक की नसलेल्याला टीएलएसपर्यंत पोहोचताच येत नाही. पण ती की प्रत्येक वापरकर्त्याच्या फाइलमध्ये असते. जिथे वापरकर्ते शेकडो, तिथे ती गुप्त मानता येत नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. त्या वेळी डेबियन 7 ही लिनक्स प्रणाली चालवणाऱ्याचे उदाहरण घेतो. त्याने अद्यतने बसवणारे `apt` चालवले आणि ओपनएसएसएलची आवृत्ती पाहिली, तर `1.0.1e-2+deb7u5` दिसली. अधिकृत यादीत तर 1.0.1 ते 1.0.1f या सगळ्या आवृत्त्या बाधित होत्या, मग हा e कसा चालेल? चालतो, कारण डेबियन मूळ आवृत्तीचा आकडा तसाच ठेवून फक्त दुरुस्ती त्या जुन्या आवृत्तीत आणून बसवते. शेवटचा `deb7u5` हाच खरा खुलासा होता. आजही फक्त मुख्य आकडा बघून सर्व्हर सुरक्षित की असुरक्षित ठरवणारे फसतात, दोन्ही बाजूंनी.

दुसरी फसगत जास्त गंभीर. डिस्कवरची लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेली ओपनव्हीपीएनची प्रक्रिया मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते. पॅच बसलेला दिसतो आणि सर्व्हर तितकाच उघडा असतो. हे ओळखायची साधी खूण अशी:

```
sudo lsof -n | grep DEL | grep -E 'libssl|libcrypto'
```

या यादीत `openvpn` दिसला, तर हटवलेली जुनी फाइल अजून वापरात आहे. सेवा रीस्टार्ट करावी लागेल. रीस्टार्ट केले की सगळ्यांचे बोगदे तुटतात, आणि आपण स्वतः त्याच व्हीपीएनमधून सर्व्हरवर आलेलो असलो तर आपलाही. लोक ते रात्रीवर, मग रविवारवर ढकलतात ते यामुळे. सर्व्हरवर पोहोचायची दुसरी वाट आधीपासून ठेवलेली असली की ही टाळाटाळ संपते.

एवढे करूनही काम अर्धेच. गेलेली खाजगी की पॅचने परत येत नाही. हल्लेखोर त्या कीच्या जोरावर तुमचा सर्व्हर असल्याचे सोंग घेऊ शकतो. प्रमाणपत्र रद्द केले म्हणून भागत नाही, कारण रद्द प्रमाणपत्रांची यादी साधारणपणे सर्व्हर तपासतो, वापरकर्त्याचे उपकरण नाही. ओपनव्हीपीएनसाठी प्रमाणपत्रे बनवणाऱ्या त्या काळच्या ईझी-आरएसएमध्ये प्रमाणपत्राची मूळ मुदत 3,650 दिवस होती. म्हणजे चोरलेली की दहा वर्षांपर्यंत उपयोगी. अशा वेळी सगळी प्रमाणपत्रे ज्याच्या सहीने चालतात ते मूळ प्रमाणपत्रच नव्याने तयार करून सगळ्यांना नव्या फाइल वाटणे, कटकटीचे असले तरी, हाच माझ्या मते धड मार्ग.

पाच वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडले. पल्स सिक्युअरच्या व्हीपीएन उपकरणांत `CVE-2019-11510` ही त्रुटी होती: लॉगिन न करता, खास रचलेल्या पत्त्याने, उपकरणातली कोणतीही फाइल वाचता येत होती. त्यात साध्या मजकुरात साठवलेले पासवर्डही होते. पॅच एप्रिल 2019 मध्ये आला. ऑगस्टमध्ये संशोधकांनी तपशील मांडले आणि लगेच जगभर शोधाशोध सुरू झाली. तेव्हा सुमारे 14,500 उपकरणे पॅचविना सापडली. पॅच येऊन चार महिने झाले होते. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने पुढचा इशारा दिला: काहींनी पॅच बसवला, पण आधी चोरीला गेलेले पासवर्ड बदलले नाहीत, आणि हल्लेखोर कित्येक महिन्यांनी त्याच पासवर्डने आत आले.

वायरगार्ड या नव्या व्हीपीएनने यातली एक अडचण, म्हणजे अनोळखी माणसालाही उत्तर द्यावे लागणे, बरीच कमी केली. जेसन डोननफेल्ड यांचा हा प्रोटोकॉल मार्च 2020 मध्ये लिनक्स कर्नल 5.6 मध्ये सामील झाला. सर्व्हरची सार्वजनिक की माहीत नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधत फिरणाऱ्याला पोर्टवर काही आहे हेही कळत नाही. पण तो कर्नलमध्ये असल्याने त्याचा पॅच म्हणजे कर्नलचा पॅच, आणि तो लागू होतो मशीन रीबूट झाल्यावर. उबुंटूवरची `unattended-upgrades` ही सोय नवे कर्नल आणून ठेवते, पण मूळ सेटिंगमध्ये रीबूट करत नाही. `uname -r` ने चालू कर्नल पाहावे आणि `/var/run/reboot-required` ही फाइल आहे का ते पाहावे; असली तर रीबूट बाकी आहे.

प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये बंद करून चालवणाऱ्या डॉकरमध्ये ओपनव्हीपीएन चालवत असाल तर वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. यजमान मशीनवरचे `apt` कंटेनरमधल्या ओपनएसएसएलला हातही लावत नाही. कंटेनर ज्या साच्यावरून बनतो ती इमेज नव्याने ओढून कंटेनर पुन्हा तयार करावा लागतो, आणि इमेज सांभाळणाऱ्याने काम सोडले असेल तर ओढूनही जुनेच हाती येते. वायरगार्डशेजारी वापरकर्ते जोडण्यासाठी वेब पॅनेल बसवले असेल, तर ते मात्र कोणालाही उत्तर देते आणि त्यालाही स्वतःचे पॅच लागतात. ते `127.0.0.1` वर बांधून एसएसएचच्या बोगद्यातूनच उघडावे.